महिन्यातून एखादा कॉल: नाशिकमधल्या एका सल्लागार-निमंत्रणाचं प्रकरण

अंबड एमआयडीसीत एका गाळ्यात चालणारी छोटी कंपनी. सहा माणसं. द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसमध्ये आणि माल थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ते बनवतात आणि त्याची माहिती मोबाइलवर दाखवतात. संस्थापिका तिशीची, इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेली. यंत्र चांगलं होतं, पण द्राक्षाच्या धंद्यात घरातलं कुणीच नव्हतं. म्हणून तिने ठरवलं, सल्लागार म्हणून एक जाणता माणूस सोबत घ्यायचा.

असे गृहस्थ नाशिकमध्ये शोधावे लागत नाहीत. पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात सव्वीस वर्षं द्राक्ष निर्यातीची गुणवत्ता सांभाळून निवृत्त झालेले एक अधिकारी गंगापूर रोडला राहतात, हे तिला दोघातिघांनी सांगितलं. दिंडोरी तालुक्यात त्यांची स्वतःची चार एकर बाग आहे आणि हंगामात ते दोन पॅकहाउसना दिवसाच्या हिशेबाने मार्गदर्शन करतात. ओळख पटू नये म्हणून इथे नावं दिलेली नाहीत. छोट्या कंपन्यांचे करारमदार बघणं हे माझं काम आहे आणि या प्रकरणाचे कागद माझ्यासमोर तयार झाले.

पहिला निरोप

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं: "नमस्कार सर. आम्ही द्राक्षाच्या कोल्ड चेनसाठी प्लॅटफॉर्म बनवतोय. तुमच्या मार्गदर्शनाची खूप गरज आहे. आमच्या अ‍ॅडव्हायझरी बोर्डवर याल का? महिन्यातून एखादा कॉल पुरेल. इक्विटीही देऊ."

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिला वाटलं, सरांना रस नाही. खरं तर रस होता, पण या पाच वाक्यांत त्यांना हो म्हणण्याजोगं काही सापडत नव्हतं. पुढे ते मला जे बोलले, ते फार नेमकं होतं. "महिन्यातून एखादा कॉल म्हणजे जूनमध्ये की फेब्रुवारीत? जूनमध्ये मी मोकळा असतो, पण तेव्हा तुमच्याकडे विचारायला काही नसतं. फेब्रुवारीत रात्री अकराला फोन येतो आणि तो तासभर चालतो. बोर्डवर म्हणजे संकेतस्थळावर माझा फोटो लावणार का? मग ज्या दोन पॅकहाउसमध्ये मी जातो, ते विचारतील, साहेब, तुम्ही आमचे की यांचे? आणि इक्विटी म्हणजे किती, कशातली, कधी मिळणार?"

वेळ, भूमिका आणि मोबदला या तिन्ही बाबतीत निरोप मोघम होता. अनुभवी माणूस मोघमपणाला घाबरतो, कारण त्याचा शेवट कुठे होतो हे त्याने पाहिलेलं असतं. तरुण संस्थापकांना मात्र मोघम लिहिणं नम्रपणाचं वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाला तास मोजून कसं सांगायचं, पैशाचं आधीच कसं बोलायचं, असा संकोच असतो. तो संकोच बाजूला ठेवूनच दुसरं पत्र लिहायचं, असं आमचं ठरलं.

नक्की काय हवंय?

पत्राआधी तिला एकच गोष्ट विचारली. या माणसाकडून तुला ज्ञान हवंय, ओळखी हव्यात की नाव हवंय? ती म्हणाली, तिन्ही. बहुतेक निमंत्रणं इथेच बिघडतात.

ज्ञान द्यायला वेळ लागतो, पण त्यात सल्लागाराची पत पणाला लागत नाही. ओळख करून द्यायला पाच मिनिटं पुरतात, पण उद्या यंत्र बंद पडलं तर ओळख देणाऱ्याला ऐकून घ्यावं लागतं. नाव वापरायला दिलं तर वेळ मुळीच जात नाही आणि जोखीम सर्वांत जास्त. तिन्हींची किंमत वेगळी, म्हणून तिन्ही वेगवेगळी मागायला हवीत. शिवाय इथे एक अडचण होती. सर ज्या पॅकहाउसना सल्ला देतात, तीच हिची संभाव्य गिऱ्हाइकं. सरांनी तिथे यंत्र सुचवलं आणि त्यांचा कंपनीत हिस्सा असल्याचं नंतर उघड झालं, तर दोघांचंही नाव गेलं.

मग तिने टीमबरोबर बसून, आपल्याला स्वतःहून सुटत नाहीत असे प्रश्न लिहून काढले. शेवटी तीन उरले. तापमान मोजणारा प्रोब नेमका कुठे बसवायचा? तापमान चढल्याची सूचना रात्री कुणाला जावी, म्हणजे त्यावर खरोखर काही केलं जाईल? आणि युरोपातल्या आयातदाराने मालाबद्दल दावा ठोकला तर तापमानाच्या नोंदीतला कुठला भाग तो मान्य करतो? हे तीन प्रश्न हीच सल्लागाराची भूमिका. "मार्गदर्शन" या शब्दाची गरजच उरली नाही.

वेळेचा हिशेबही या प्रश्नांवरून निघाला. नाशिकच्या निर्यात द्राक्षाची काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल चालते. तिन्ही प्रश्नांची उत्तरं पॅकहाउस चालू असतानाच मिळणार. म्हणून बारा महिने सारखे तास मागण्यात अर्थ नव्हता. हंगामाचे चार महिने दहा-दहा तास, बाकीचे आठ महिने दोन-दोन, असे वर्षाला 56 तास ठरले.

मोबदल्याचा गुंता

तिच्या मनात "एक टक्का" होता. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेला आकडा. अमेरिकेत या कामासाठी फाउंडर इन्स्टिट्यूटचा "फास्ट" नावाचा नमुना करार बराच वापरला जातो. त्यात कंपनीचा टप्पा आणि सल्लागाराचा सहभाग यांनुसार साधारण एक टक्क्यापर्यंत हिस्सा सुचवलेला असतो. तो दोन वर्षांत दरमहा थोडा थोडा हाती येतो आणि पहिले तीन महिने पारखून घेण्याचे असतात. आकड्यांचा अंदाज घ्यायला हा नमुना चांगला आहे. पण तो जसाच्या तसा इथे उतरवता येत नाही.

आपल्याकडे कंपनी कायदा 2013 खाली ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क देणारी योजना, कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि संचालकांसाठी आहे, आणि संचालकांतूनही स्वतंत्र संचालक वगळलेले आहेत. बाहेरचा सल्लागार यांपैकी कुठेच बसत नाही. कामाच्या बदल्यात दिल्या जाणाऱ्या शेअरचं, म्हणजे स्वेट इक्विटीचंही तेच. तरीही "ईसॉप देऊ" असं लिहिलेली सल्लागारांची पत्रं मी पाहतो. ती पाळता येत नाहीत, हे गुंतवणूकदाराचा वकील कागद तपासायला बसतो तेव्हा कळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "एक टक्का देऊ" असं लिहिलं म्हणजे ते हवेत विरलं असं समजू नये. करार मान्य व्हायला स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही.

मग वाटा तीन उरतात. सरांना संचालक करायचं. याला त्यांनी साफ नकार दिला, आणि बरोबरच होतं. संचालकाच्या जबाबदाऱ्या कायद्याने ठरलेल्या असतात, त्या महिन्याच्या दहा तासांत मावत नाहीत. दुसरी वाट म्हणजे मूल्यांकन करून घेऊन त्यांना शेअर विकत द्यायचे. कंपनीचे एकूण शेअर एक लाख, आणि मूल्यांकन चार कोटी धरलं तर एका शेअरची किंमत 400 रुपये. अर्धा टक्का म्हणजे 500 शेअर घ्यायला सरांनाच दोन लाख मोजावे लागले असते. सल्लाही द्यायचा आणि वर पैसेही भरायचे! कमी किमतीत द्यावेत, तर मूल्यांकनाचा नियम आणि घेणाऱ्यावर फरकाचा कर, अशा दोन्ही बाजू अडवतात.

तिसरी वाट आम्ही घेतली. प्रत्यक्ष शेअर द्यायचे नाहीत. शेअरच्या किमतीशी जोडलेली युनिटं करारात लिहायची, आणि ठरलेली घटना घडली की त्या किमतीइतके रोख पैसे द्यायचे. धारकाला मत नाही, लाभांश नाही, भागधारकांच्या नोंदवहीत नाव नाही. व्यवहारात याला फँटम शेअर म्हणतात.

युनिटं 480 ठरवली, कारण 24 महिन्यांना भागली की महिन्याला बरोबर 20 येतात. टक्का मुद्दाम लिहिला नाही. समजा पुढे नवे गुंतवणूकदार आले, एकूण शेअर सव्वा लाख झाले आणि कंपनी बारा कोटींना विकली गेली. एका शेअरला 960 रुपये पडतील आणि 480 युनिटांचे 4,60,800 रुपये होतील. आजचा 0.48 टक्के हिस्सा तेव्हा 0.384 टक्के झालेला असेल. पत्रात "अर्धा टक्का" लिहिलं असतं तर तो अर्धा टक्का कुठल्या दिवशीचा, यावर भांडण ठरलेलं. आणि कंपनी विकलीच गेली नाही तर या युनिटांचं काहीच मिळणार नाही. हे वाक्य पत्रात हवंच, असा माझा आग्रह होता. युनिटांवरच भागवलं असतं तर सरांच्या हातात निव्वळ आशा राहिली असती, म्हणून हंगामाच्या चार महिन्यांसाठी दरमहा 8,000 रुपये मानधनही ठेवलं.

पाठवलेलं पत्र

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

मागच्या निरोपात मी नीट लिहिलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर पत्र. आमचं यंत्र सध्या तीन पॅकहाउसमध्ये बसवलेलं आहे. तीन प्रश्नांवर आम्ही अडलो आहोत: प्रोबची जागा, रात्रीची सूचना कुणाला जावी, आणि निर्यातीच्या दाव्यात तापमानाची नोंद कशी उपयोगी पडते. या तीन विषयांपुरते आपण आमचे सल्लागार व्हावं, अशी विनंती आहे.

वेळ: जानेवारी ते एप्रिल महिन्याला दहा तासांपर्यंत, त्यात एक पॅकहाउस भेट. इतर महिन्यांत दोन तास. याहून जास्त वेळ लागणार असेल तर मी आधी विचारेन, आणि आपण नाही म्हटलंत तरी चालेल. फोन फक्त मी करेन.

मोबदला: हंगामाच्या चार महिन्यांत दरमहा 8,000 रुपये आणि प्रवासखर्च. शिवाय कंपनीच्या शेअरच्या किमतीशी जोडलेली 480 युनिटं, दोन वर्षांत दरमहा 20 प्रमाणे. पहिले तीन महिने दोघांनी एकमेकांना पारखायचे. ते पूर्ण झाले की पहिली 60 एकदम जमा होतील. कंपनी विकली गेली तर जमा युनिटांचे पैसे मिळतील. विकली गेली नाही तर या युनिटांपोटी काहीही मिळणार नाही, हे मी स्पष्ट लिहिते.

आपण ज्या पॅकहाउसना मार्गदर्शन करता तिथे आमच्या यंत्राची शिफारस करावी, अशी अपेक्षा नाही. तिथली कुठलीही माहिती आम्ही विचारणार नाही. आपलं नाव किंवा फोटो लेखी परवानगीशिवाय कुठेही वापरणार नाही. आपण सल्ला द्याल, निर्णय आणि त्याची जबाबदारी कंपनीची राहील. तीस दिवस आधी कळवून आपण किंवा आम्ही हे थांबवू शकतो. तोवर जमा झालेली युनिटं आपलीच राहतील.

यातलं काही पटलं नाही तर मोकळेपणाने सांगावं. आपल्या सोयीने घरी येऊन भेटेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "ताई, रविवारी या."

रविवारची बैठक

सरांनी पत्राची छापील प्रत काढून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पैशाच्या परिच्छेदावर एकही खूण नव्हती. पहिली खूण जबाबदारीच्या वाक्यावर होती. "मी सांगितलेल्या जागी प्रोब लावला आणि कुणाचा कंटेनर खराब झाला, तर तो माणूस माझ्या दारात येईल की तुमच्या?" करारात मग असं लिहिलं गेलं की बाहेरच्या कुणी दावा केला तर तो कंपनी झेलेल. सरांनी जाणूनबुजून फसवणूक केली असेल तेवढा अपवाद.

दुसरी खूण त्यांच्या जुन्या नोकरीबद्दल होती. निवृत्त होताना त्यांनी एका कागदावर सही केली होती, त्यात स्पर्धक कंपनीत काम न करण्याची अट होती. भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे नोकरी संपल्यानंतर असं बंधन सहसा टिकत नाही, आणि ही कंपनी द्राक्षाची निर्यातदार नव्हतीच. गुप्ततेचं बंधन मात्र टिकतं. म्हणून जुन्या कंपनीचे दर, गिऱ्हाइकं, नोंदी यांतलं काहीही सरांनी सांगायचं नाही, अशी ओळ आम्ही आपणहून घातली. ती वाचून त्यांचा चेहरा सैलावला.

तिसरी मागणी त्यांची स्वतःची होती. ज्या दोन पॅकहाउसना ते जातात, त्यांना या कराराची माहिती ते स्वतः देतील, सही करण्याआधी. दोघांनीही हरकत घेतली नाही. एकाने घेतली असती तर करार झाला नसता, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग कंपनीच्या संचालक मंडळाने ठराव केला आणि सह्या झाल्या.

हंगामात काय झालं

जानेवारीच्या पहिल्या भेटीत सर प्रीकूलिंगच्या, म्हणजे साठवणीआधी माल थंड करण्याच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या यंत्रावर 2 अंश दिसत होतं आणि मोबाइलवर हिरवी खूण. सरांनी खिशातून सुईचा थर्मामीटर काढला, पॅलेटच्या मधल्या थरातली एक पेटी ओढून उघडायला लावली आणि घडाच्या आतल्या एका मण्यात सुई टोचली. आकडा 9 वर थांबला.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते खोलीतल्या हवेचं तापमान सांगत होतं. बागेतून आलेला माल तापलेला असतो. तो कोल्ड स्टोरेजला हलवण्याआधी मण्याच्या गराचं तापमान 4 अंशांच्या खाली यावं लागतं. त्याला सहा ते आठ तास लागतात, आणि मधली पेटी सर्वांत शेवटी थंड होते. हवा बघून माल आधीच हलवला तर पेटीत घाम धरतो. ओलावा वाढला की बुरशी रोखण्यासाठी पेटीत ठेवलेल्या ग्रेप गार्डच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो आणि मणी देठापाशी पांढरे पडतात. ते कळतं युरोपात, पेटी उघडल्यावर. या एका भेटीनंतर कंपनीने यंत्राला दुसरा प्रोब जोडला, मधल्या पेटीतल्या मण्यात टोचायचा, आणि हिरवी खूण त्याच्यावर बांधली. तिच्या तीन प्रश्नांपैकी पहिला सुटला.

फेब्रुवारीत गडबड झाली. टीममधल्या एका मुलाने सरांचा नंबर एका पॅकहाउसच्या सुपरवायझरला दिला. त्याचे फोन सुरू झाले, मग त्याच्या ओळखीच्या दुसऱ्याचे. सर भिडस्त, ते उचलत राहिले. ही गोष्ट लक्षात आली ती नोंदवहीमुळे. संस्थापिकेने पहिल्या दिवसापासून तारीख, विषय आणि वेळ लिहायची साधी वही ठेवली होती आणि महिनाअखेर ती सरांना दाखवत असे. तिच्या वहीत अकरा तास होते. सर म्हणाले, तुमच्या माणसांचे फोन धरले तर एकोणीस. तिने त्याच दिवशी त्या दोघांना फोन करून स्वतःचा नंबर दिला, आणि जास्तीच्या तासांचं मानधन विचारलं. सरांनी पैसे घेतले नाहीत, पण विचारलं गेलं याची नोंद घेतली. वही नसती तर ते एप्रिलमध्ये काहीतरी कारण काढून बाजूला झाले असते, असं त्यांनीच मला सांगितलं. सल्लागार असेच जातात. कुणी राजीनामा देत नाही, फोन उचलणं कमी होतं.

रात्रीच्या सूचनेचा प्रश्नही मार्चपर्यंत मिटला. सूचना मालकाला न जाता आधी कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या ऑपरेटरला जाऊ लागली आणि वीस मिनिटांत फरक पडला नाही तरच वर. तिसरा, दाव्याचा प्रश्न अर्धाच सुटला. त्यासाठी आयातदाराच्या बाजूचा माणूस लागतो आणि तो सरांच्या अनुभवाबाहेरचा भाग आहे, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

फसलं ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर महिन्याचे दोन तास कागदावर होते, पण विचारण्यासारखं काही नव्हतं. एकदा उगाच कॉल लावला, अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा झाल्या. युनिटं मात्र दरमहा जमा होत राहिली आणि सरांनाच ते अवघड वाटू लागलं.

दुसऱ्या वर्षासाठी पत्र बदललं ते सरांच्या सूचनेवरून. मे ते सप्टेंबर शून्य तास, आणि त्या महिन्यांची युनिटंही नाहीत. ऑक्टोबरमध्ये, द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या सुमारास, एक पूर्ण दिवस बसून येत्या हंगामात कुठल्या पॅकहाउसमध्ये काय तपासायचं ते ठरवायचं, आणि त्या महिन्यालाही 8,000 रुपये. वगळलेल्या पाच महिन्यांची 100 युनिटं ऑक्टोबर ते एप्रिलच्या सात महिन्यांत वाटली, पण सातने ती समान वाटली जात नाहीत, म्हणून सहा महिन्यांना 14-14 आणि एप्रिलला 16 जोडली. ही दुरुस्ती एका पानाची आहे आणि तिच्यावर दोघांच्या सह्या आहेत. दाव्याच्या प्रश्नासाठी संस्थापिका आता दुसरा सल्लागार शोधते आहे, आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या पत्रात विषय एकच आहे.